जास्त बेरीज म्हणजे चांगला पुरवठादार?

"पुरवठादारांना निकषांवर गुण देणाऱ्या स्कोअरकार्डात ज्याची बेरीज जास्त, त्यालाच ऑर्डर द्यायची."

बेरजेत एक खोट लपू शकते. समजा प्रत्येक निकषाचा भार, म्हणजे बेरजेतला वाटा, असा आहे: किंमत 40, दर्जा 30, वेळेवर पुरवठा 20, आर्थिक स्थैर्य 10 टक्के. दहापैकी 'अ'ला अनुक्रमे 10, 8, 8, 1 आणि 'ब'ला 7, 8, 8, 8 गुण मिळाले. बेरीज 8.1 विरुद्ध 7.6, म्हणजे 'अ' पुढे. पण स्थैर्यात 1 गुण मिळवणारा कच्च्या मालासाठीच आगाऊ पैसे मागू लागू शकतो, आणि त्याच्याकडे ठेवलेल्या आपल्या साच्यांसह आपलं काम अडकू शकतं.

पडताळा सोपा आहे. किंमतीचा भार 30 आणि स्थैर्याचा 20 करून पाहा: 7.2 विरुद्ध 7.7, क्रम उलटला! म्हणून आधी प्रत्येक निकषाला किमान गुण ठरवा, मी 4 धरतो, त्याखालचा बाद. बेरीज उरलेल्यांचीच.