चालू खाते उघडणे (एकल मालकीचा व्यवसाय)

चालू खाते हे व्यवसायाच्या उलाढालीसाठी असते. त्यातल्या शिलकीवर व्याज मिळत नाही. किमान शिलकीची अट बचत खात्यापेक्षा सहसा जड असते आणि ती बहुधा सरासरीवर मोजतात, म्हणजे रोजच्या अखेरच्या शिलकांची बेरीज भागिले दिवस. मासिक सरासरी 10,000 रुपये हवी असेल आणि 30 पैकी 15 दिवस खाते रिकामे राहिले, तर उरलेले 15 दिवस 20,000 ठेवावे लागतात. सरासरी महिन्याची की तिमाहीची, हे आधीच विचारून घ्यावे.

एकट्याच्या मालकीच्या धंद्याला बँकेत 'प्रोप्रायटरशिप' म्हणतात. कायद्याच्या नजरेत धंदा आणि मालक एकच, त्यामुळे पॅन मालकाचेच चालते. आधार आणि पॅनने मात्र फक्त माणसाची ओळख पटते. धंदा चालू असल्याचे दोन पुरावे वेगळे लागतात, तेही धंद्याच्या नावाने, आणि नवखा माणूस नेमका इथे अडतो. महाराष्ट्रात सहसा गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, आणि उद्यम, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, देतात. जीएसटी प्रमाणपत्रही चालते. कमी कामगार असलेल्या लहान दुकानाला 2017 च्या दुकाने कायद्यानुसार परवान्याऐवजी धंदा सुरू केल्याच्या सूचनेची पावती मिळते. बोलताना तिलाही गुमास्ताच म्हणतात. दोन पुरावे जमवणे खरोखरच शक्य नसेल, तर बँक जागेवर पडताळणी करून एकावरही खाते उघडू शकते. पण तो निर्णय बँकेचा असतो.

अर्ज परत येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे नावातला फरक. समजा, गुमास्त्यावर 'Shree Sai Traders' आहे आणि उद्यमवर 'Shri Sai Trading'. माणसाला हे एकच दुकान वाटते, बँकेला दोन. पुढे गिऱ्हाइकाने तिसऱ्याच नावाने चेक लिहिला तर तोही जमा होताना अडतो. उद्यमची दुरुस्ती ऑनलाइन होते. ती करून, एकच स्पेलिंग सगळीकडे आणूनच अर्ज भरावा.

मुख्य अर्जासोबत 'मीच एकटा मालक आहे' असे प्रोप्रायटरशिप पत्र आणि सहीच्या नमुन्याचे कार्ड असते. धंद्याच्या नावाचा रबरी शिक्का बहुतेक शाखा मागतात. त्यात वर 'फॉर' आणि धंद्याचे नाव, खाली 'प्रोप्रायटर', आणि सही या दोहोंच्या मध्ये. पुढे चेकवर हीच सही जुळवून पाहतात, म्हणून घाईतली आखूड सही कार्डावर करू नये. वारसाची नोंद, म्हणजे नॉमिनेशन, या खात्याला करता येते. भागीदारी संस्थेच्या खात्याला ती सोय नाही.

आणखी एक कागद असतो, कर्जाच्या घोषणापत्राचा. दुसऱ्या बँकेत कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट आहे का, हे त्यात लिहून द्यायचे असते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2020 च्या परिपत्रकानंतर बँका याबाबत काटेकोर झाल्या, कारण कर्ज एका बँकेचे आणि विक्रीचे पैसे दुसऱ्याच बँकेत, असे होऊ लागले होते. कर्ज लपवले तरी क्रेडिट अहवालात ते दिसतेच.