इटलीत औषधाच्या दुकानात आणि आणीबाणीत काय बोलावे

इटलीला निघालेल्या आमच्या प्रवाशांसाठी हे पत्रक आहे. तेथील औषधविक्रेत्याशी आणि आणीबाणीच्या क्रमांकावर बोलताना लागणारी मोजकी वाक्ये यात आदरार्थी रूपासह दिली आहेत.

मराठीत आदर दाखवायला आपण क्रियापद अनेकवचनी करतो; इटालियनमध्ये तसे करून चालत नाही. तिथे अनोळखी व्यक्तीला, ती स्त्री असो वा पुरुष, ‘लेई’ म्हणतात आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी ठेवतात. म्हणून ‘माफ करा’ म्हणजे ‘स्कूझी’. ‘स्कूझा’ हे मित्राला किंवा मुलाला म्हणायचे. ‘कराल का?’ म्हणजे ‘प्वो?’ आणि ‘मला हवे होते’ असे नम्रपणे सांगायचे तर ‘वोर्रेई’. यातील ‘झ’ ‘झाड’मधल्यासारखा म्हणावा. पुढे येणारा ‘च’ मात्र ‘चार’मधला आहे, ‘चाक’मधला नव्हे. ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य असतात आणि ‘त्त’, ‘ल्ल’ यांसारख्या एकच व्यंजन दोनदा आलेल्या जोडाक्षरांवर थोडे थांबावे लागते.

औषधाच्या दुकानाला ‘फार्माचीया’ म्हणतात आणि त्यावर हिरवा क्रॉस असतो. रात्री किंवा रविवारी दुकान बंद दिसले तर दारावरची पाटी वाचावी. तिथे ‘फार्माचीया दी तूर्नो’, म्हणजे त्या वेळी पाळीने उघडे असणारे दुकान, दिलेले असते. रात्रीच्या पाळीत काही वेळा औषधावर जादा शुल्क लागते. औषधविक्रेता पदवीधर असल्यामुळे त्याला ‘दोत्तोरे’ आणि तिला ‘दोत्तोरेस्सा’ म्हणण्याची रीत आहे, ती पाळावी.

समजा, फ्लोरेन्समध्ये संध्याकाळी वडिलांना साडेअडतीस ताप आहे, त्यांना पेनिसिलीनची अॅलर्जी आहे आणि रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे. दुकानात शिरताना मित्रांना म्हणायचे ‘चाओ’ नव्हे, ‘ब्वोनासेरा, दोत्तोरेस्सा’, म्हणजे ‘शुभ संध्याकाळ’, म्हणावे. मग ‘वोर्रेई क्वाल्कोसा पेर ला फेब्ब्रे’, म्हणजे ‘तापावर काहीतरी हवे होते’. पुढे ‘मीयो पाद्रे आ त्रेन्तोत्तो ए मेद्झो’, म्हणजे ‘वडिलांना साडेअडतीस आहे’. ती ‘दा क्वान्दो?’ (कधीपासून?) असे विचारील, उत्तर ‘दा येरी सेरा’ (काल संध्याकाळपासून). यानंतरची दोन वाक्ये, तिने विचारले नाही तरी, आपण होऊन सांगावीत, कारण औषधाची निवड त्यांवरच अवलंबून असते: ‘ए आल्लेर्जिको आल्ला पेनिचिल्लीना’ (त्यांना पेनिसिलीनची अॅलर्जी आहे) आणि ‘प्रेन्दे ऊना मेदिचीना पेर ला प्रेस्स्योने’ (ते रक्तदाबाचे औषध घेतात). रुग्ण आई असेल तर ‘मीया माद्रे’ आणि ‘आल्लेर्जिका’ म्हणावे.

औषध मिळाल्यावर ‘क्वान्ते वोल्ते आल जोर्नो?’ (दिवसातून किती वेळा?) हे अवश्य विचारावे. ‘ओन्यी ओत्तो ओरे’ म्हणजे दर आठ तासांनी आणि ‘दोपो ई पास्ती’ म्हणजे जेवणानंतर. उत्तर नीट कळले नाही तर मान डोलावू नये. ‘मे लो प्वो स्क्रीवेरे, पेर फावोरे?’ (मला लिहून द्याल का?) असे म्हणावे. आपल्या नेहमीच्या गोळ्यांचे व्यापारी नाव तिथे कोणाला ओळखता येईलच असे नाही, म्हणून त्यातील मूळ घटकाचे नाव जवळ लिहून ठेवावे. पॅरासिटामॉलला तिथे ‘पाराचेतामोलो’ म्हणतात. प्रतिजैविके मात्र ‘रिचेत्ता’, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी, असल्याशिवाय मिळत नाहीत. अशा वेळी दुकानात आग्रह धरण्यात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

प्रकृती गंभीर असेल तर ११२ लावावा. रुग्णवाहिकेसाठी ११८ हा क्रमांकही आहे. फोनवर आधी ठिकाण सांगावे, म्हणजे फोन तुटला तरी मदत पोहोचू शकते: ‘स्यामो इन वीआ कावूर, नूमेरो द्येची’ (आम्ही कावूर रस्त्यावर, दहा क्रमांकाशी आहोत). मग ‘मीया माद्रे ए स्वेनूता’ (आई बेशुद्ध पडली आहे). वडील असतील तर ‘मीयो पाद्रे ए स्वेनूतो’. छातीत दुखत असेल तर ‘आ उन दोलोरे आल पेत्तो’. ‘रेस्पीरा?’ (श्वास चालू आहे?) या प्रश्नाला ‘सी’ किंवा ‘नो’ एवढेच उत्तर पुरते. ‘नोन रिआत्ताक्की’ म्हणजे ‘फोन ठेवू नका’. हे ऐकल्यावर फोन चालूच ठेवावा. समजले नाही तर ‘प्वो रिपेतेरे, पेर फावोरे?’ म्हणावे; ‘पार्ला इंग्लेझे?’ (आपण इंग्रजी बोलता का?) हेही विचारता येते.

रस्त्यावर गर्दीत मदत मागताना सर्वांना उद्देशून ‘क्यामाते’ म्हटले तर कोणी पुढे येईलच असे नाही. एकाच व्यक्तीकडे पाहून ‘सिन्योरे, क्यामी उनाम्बुलान्त्सा, पेर फावोरे!’ (साहेब, कृपया रुग्णवाहिका बोलवा!) म्हणावे, स्त्री असेल तर ‘सिन्योरा’. रुग्णालयातील तातडीच्या विभागाला ‘प्रोन्तो सोक्कोर्सो’ म्हणतात. टॅक्सीने जायचे झाल्यास ‘आल प्रोन्तो सोक्कोर्सो, पेर फावोरे’ एवढे सांगितले की चालक तिथे नेतो.