पफ पॅनेलचे छत भार कसे पेलते?

मुंबईत मेट्रोच्या कामांवरची साइट ऑफिसे, गच्चीवरच्या शेड आणि भिवंडीपासून तळोज्यापर्यंतची शीतगृहे यांत एक गोष्ट हमखास दिसते. दोन पातळ पोलादी पत्रे आणि त्यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा पिवळसर फोम, म्हणजेच पफ पॅनेल. हा फोम उष्णता अडवण्यासाठी भरलेला असतो, असे बहुतेकांना वाटते. ते खरे आहे, पण अपुरे आहे, कारण हे पॅनेल जेव्हा छत म्हणून दोन आधारांवर आडवे ठेवले जाते तेव्हा फोमवर दुसरेही काम येऊन पडते आणि पॅनेल टिकणार की नाही हे बऱ्याचदा त्याच कामावर ठरते.

एक साधे उदाहरण घेऊ. पत्रे सपाट आणि प्रत्येकी अर्धा मिलिमीटर जाड, मधला फोम, म्हणजे गाभा, ५० मिलिमीटर, पॅनेलची रुंदी १ मीटर आणि दोन आधारांमधले अंतर, म्हणजे गाळा, ३ मीटर. (बाजारातल्या छताच्या पॅनेलचा वरचा पत्रा बहुधा नालीदार असतो आणि त्या नाल्या थोडा भार स्वतः उचलतात, तो भाग आपण सोडून देऊ.) माणसांची नेहमीची ये-जा नसलेल्या छतासाठी भारतीय मानक ८७५ दर चौरस मीटरला साधारण ७५ किलोचा भार धरायला सांगते. पॅनेलचे स्वतःचे वजन जेमतेम १० किलो आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून दर चौरस मीटरला एकूण १०० किलो धरू. म्हणजे साऱ्या पॅनेलवर ३०० किलो भार येतो आणि प्रत्येक आधाराच्या वाट्याला १५० किलो येतात.

पॅनेल वाकले की वरचा पत्रा दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. वाकवणारा परिणाम मध्यावर सर्वांत जास्त, किलो गुणिले मीटर या मापात सुमारे ११२ इतका असतो. त्याला तोंड देण्यासाठी पॅनेलजवळ दोनच गोष्टी आहेत : वरच्या पत्र्यातला दाब आणि खालच्या पत्र्यातला ताण. या दोहोंमधले अंतर पाच सेंटिमीटर असल्याने ११२ ला ०.०५ ने भागले की प्रत्येक पत्र्यावरचे बल मिळते, आणि ते भरते जवळजवळ सव्वादोन टन. आकडा दचकवणारा असला, तरी एक मीटर रुंद पत्र्याच्या ५०० चौरस मिलिमीटर छेदावर ते पसरते, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साडेचार किलो येतात. यालाच प्रतिबल म्हणतात. साधे पोलादही २५ किलोपर्यंत कायमचे वाकत नाही. हेच सारे पोलाद एक मिलिमीटरच्या एकाच पत्र्यात ठेवले असते, तर त्याच भाराखाली प्रतिबल दर चौरस मिलिमीटरला ६७० किलोंच्या वर गेले असते. म्हणजे असा पत्रा छत म्हणून उभाच राहिला नसता.

आता खरा प्रश्न येतो. पत्र्याच्या मोकळ्या टोकाला बल शून्य असते आणि मध्यावर सव्वादोन टन. मग ते मधल्या दीड मीटरमध्ये पत्र्यात आले कुठून? ते फोममधून आले. जाड वही दोन्ही टोकांना धरून वाकवली की पाने एकमेकांवरून सरकतात. पॅनेलचे दोन पत्रेही तसेच सरकू पाहतात आणि त्यांना चिकटलेला फोम ते सरकणे अडवतो. या अडवण्यात फोमचा चौकोनी तुकडा तिरपा होऊ लागतो. यालाच कर्तन म्हणतात. आधाराजवळ, एक मीटर रुंदीत, लांबीच्या दर सेंटिमीटरला फोम पत्र्याला सुमारे ३० किलो बल देतो. मध्याकडे जाताना ते कमी कमी होत शून्यावर येते, म्हणजे सरासरी १५ किलो, आणि १५० सेंटिमीटरमध्ये ते साठून नेमके सव्वादोन टन होते. दोन्ही बाजूंनी हिशेब जुळतो.

फोमच्या दृष्टीने हे कर्तन दर चौरस सेंटिमीटरला ०.३ किलो आहे आणि गाभ्याच्या पूर्ण जाडीत ते जवळपास सारखे असते. दर घनमीटरला ४० किलो घनतेचा चांगला फोम सुमारे एक किलोपर्यंत तग धरतो. मात्र त्याचा ताठपणा फारच कमी असतो, म्हणून मोजणीत एक वेगळी अडचण उभी राहते. पाठ्यपुस्तकातल्या नेहमीच्या तुळईच्या सूत्राने या पॅनेलचा मध्यावरचा वाक सुमारे ८ मिलिमीटर निघतो. प्रत्यक्षात तो १५ च्या पुढे जातो, कारण फोम तिरपा झाल्यामुळे आणखी ७ मिलिमीटरची भर पडते. गाळा निम्मा, म्हणजे दीड मीटर केला, तर पत्र्यांमुळे होणारा वाक अर्ध्या मिलिमीटरवर येतो, पण फोममुळे होणारा १.८ उरतो; म्हणजे आखूड गाळ्यात फोमचाच वाटा मोठा असतो. शिवाय फोम रेंगाळत सरकत राहतो. टाकी किंवा एसीचे बाहेरचे यंत्र असा कायमचा भार छतावर ठेवला, तर पत्र्यांमुळे आलेला वाक तेवढाच राहतो, पण फोमचा वर्षानुवर्षे वाढत जाऊन कित्येक पट होऊ शकतो.

गाळा लांबवला की गोष्ट उलटते. सहा मीटरवर पत्र्यांतले प्रतिबल चौपट, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १८ किलो होईल. पोलादाची मर्यादा २५ आहे, म्हणून चालेल, असे कोणी म्हणाले तर तो फसेल. दाबला गेलेला पातळ पत्रा मऊ फोमवर टेकलेला असतो. त्याला बारीक लाटांमध्ये मुरडण्यापासून फक्त फोमच रोखतो. ही सुरकुती कोणत्या प्रतिबलाला पडेल, हे पत्र्याचा ताठपणा, फोमचा दाबाताणातला ताठपणा आणि त्याचा कर्तनातला ताठपणा या तिन्हींच्या गुणाकाराच्या घनमुळावरून ठरते. नेहमीच्या वापरात त्या घनमुळाची निम्मी किंमत धरतात. आपल्या पॅनेलसाठी ती दर चौरस मिलिमीटरला जेमतेम ८ किलो येते. पत्र्याची जाडी या सूत्रात कुठेच येत नाही! जाड पत्र्याने प्रतिबल उतरते, पण सुरकुतीची मर्यादा वाढवायची तर फोमच सुधारावा लागतो. अर्थात सहा मीटरवरचे आपले पॅनेल पोलाद थकण्याच्या पुष्कळ आधी मध्यावर आडवी घडी पडून कोसळेल.

हे सारे पत्रा आणि फोम घट्ट चिकटलेले आहेत, या गृहीतावर उभे आहे. ते पूर्ण सुटले, तर दोन पत्रे वेगवेगळे वाकू लागतात आणि पॅनेलचा ताठपणा सुमारे तीस हजार पटींनी घटतो. मुंबईच्या पावसात उघड्या राहिलेल्या कडांमधून आणि सील न केलेल्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी आत शिरते, पत्र्याला आतून गंज धरतो आणि चिकटलेला थर सुटू लागतो. असा भाग बोटाच्या पेराने ठोकून पाहिला तर पोकळ वाजतो. घट्ट भागाचा आवाज दबका येतो. बिघाड कुठे दिसतो, यावरूनही कारण ओळखता येते. मध्यावर वरच्या पत्र्यावर आडवी घडी असेल, तर ती दाबातली सुरकुती. आधाराजवळ कापलेल्या कडेला फोममध्ये तिरपी भेग असेल, तर ते कर्तन.

म्हणूनच पाइप किंवा वायर नेण्यासाठी पॅनेलला भोक पाडायचे असेल, तर जागा निवडताना दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. गाळ्याच्या मध्यावर पत्रा सर्वांत जास्त राबत असतो आणि आधारालगत फोम. पाव गाळ्याच्या जागी, म्हणजे आपल्या उदाहरणात आधारापासून ७५ सेंटिमीटरवर, फोममधले कर्तन निम्मे झालेले असते, पण पत्र्यातले बल मध्यावरच्या तीन-चतुर्थांश उरलेले असते. त्यामुळे तिथेही मोठे भोक पाडायचे झाले तर कडांना पोलादी चौकट बसवावीच लागते.