दोन टप्प्यांच्या द्विपदी वृक्षाने युरोपीय कॉल ऑप्शनचे मूल्यन

युरोपीय कॉल ऑप्शन म्हणजे एखादा समभाग मुदतीच्या अखेरच्या दिवशी, आणि फक्त त्याच दिवशी, आधी ठरलेल्या किमतीला विकत घेण्याचा हक्क; हा हक्क वापरण्याचे बंधन मात्र नसते. या हक्कासाठी आज किती प्रीमियम द्यावा, हे काढण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे द्विपदी वृक्ष. जॉन कॉक्स, स्टीफन रॉस आणि मार्क रुबिनस्टाइन यांनी ती 1979 मध्ये मांडली. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचे सूत्र त्याआधी 1973 मध्ये प्रसिद्ध झाले होते, पण त्यामागचे गणित अवघड होते. तोच तर्क द्विपदी वृक्षात बेरीज-वजाबाकीच्या पातळीवर दिसतो. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवरील निफ्टी ऑप्शन युरोपीय पद्धतीचे आहेत, आणि 2011 पासून तेथील वैयक्तिक समभागांचे ऑप्शनही त्याच पद्धतीचे झाले आहेत.

उदाहरणासाठी असा समभाग घेऊ, की ज्याची आजची किंमत 1000 रुपये आहे आणि जो मुदतीत लाभांश देत नाही. कॉलची मुदत सहा महिने असून स्ट्राइक प्राइस, म्हणजे खरेदीची आधी ठरलेली किंमत, 950 रुपये आहे. सहा महिन्यांचे तीन-तीन महिन्यांचे दोन टप्पे पाडले आहेत, आणि प्रत्येक टप्प्यात किंमत एक तर 10 टक्क्यांनी वाढते किंवा 10 टक्क्यांनी घटते, असे मानले आहे. जोखीममुक्त व्याज दर टप्प्याला 2 टक्के आहे, आणि त्याच दराने कर्ज घेताही येते व पैसे ठेवताही येतात. पहिल्या टप्प्यानंतर किंमत 1100 किंवा 900 होते. दुसऱ्यानंतर ती 1210, 990 किंवा 810 होते. वाढून घटणे आणि घटून वाढणे या दोन्ही वाटा 990 वरच येऊन मिळतात. शेवटच्या तीन गाठींवर कॉलची किंमत वादातीत आहे: अनुक्रमे 260, 40 आणि शून्य रुपये.

आता शेवटाकडून मागे यायचे. समजा, पहिल्या टप्प्यानंतर समभाग 900 वर आहे. पुढे कॉलचे 40 रुपये तरी होतील किंवा काहीच होणार नाही. या गाठीवर 0.2222 समभाग विकत घेतला, म्हणजे 200 रुपयांचा, आणि त्यासाठी 176.47 रुपये कर्ज काढले, तर खिशातून 23.53 रुपये जातात. टप्प्याअखेर कर्ज 180 रुपये होते. समभाग 990 झाला तर हाती 220 येतात, आणि कर्ज फेडून 40 उरतात. तो 810 झाला तर 180 येतात आणि फेडीतच संपतात. कॉल जे देतो नेमके तेच ही जोडणी देते, म्हणून या गाठीवर कॉलची किंमत 23.53 रुपयेच असली पाहिजे. कमी-जास्त असेल तर एक विकून दुसरे घेण्यात बिनजोखीम नफा, म्हणजेच आर्बिट्राज, मिळेल. याच हिशेबाने 1100 च्या गाठीवर कॉल 168.63 रुपयांचा ठरतो. तेथे एक पूर्ण समभाग धरावा लागतो, कारण पुढे काहीही झाले तरी हक्क वापरलाच जाणार आहे.

मुळाच्या गाठीवर हेच पुन्हा करायचे. 168.63 आणि 23.53 या दोन किमती साधायला (168.63 − 23.53) भागिले 200, म्हणजे 0.7255 समभाग लागतो. त्यासाठी 617.07 रुपये कर्ज काढावे लागते, आणि उरलेली खिशातली रक्कम म्हणजे 108.42 रुपये हाच कॉलचा आजचा प्रीमियम.

या सगळ्यात किंमत वाढण्याची शक्यता किती, हे कोठेही विचारावे लागले नाही. वरील समीकरणे एकत्र करून मांडली की प्रत्येक गाठीवर एक भार आपोआप तयार होतो. u हा वाढीचा गुणक, d हा घटीचा आणि R हा एका टप्प्याचा व्याजगुणक मानला, आणि C ही त्या गाठीवरची कॉलची किंमत, तर Cu व Cd या पुढच्या वरच्या व खालच्या गाठींवरच्या किमती धरल्या, तर:

```
p = (R − d) / (u − d) = (1.02 − 0.90) / (1.10 − 0.90) = 0.6
C = [p·Cu + (1 − p)·Cd] / R
```

या p ला जोखीम-तटस्थ संभाव्यता म्हणतात. जोखमीबद्दल कोणीच जादा परतावा मागत नाही अशा जगात समभाग सरासरीने व्याजाइतकाच वाढेल, आणि 0.6 ही संख्या तसेच घडवते: 0.6 × 1100 + 0.4 × 900 = 1020. दोन्ही टप्पे एकदम घेतले तर (0.36 × 260 + 0.48 × 40) भागिले 1.0404, म्हणजे तेच 108.42 रुपये येतात. येथे 0.48 मध्ये मधल्या गाठीकडे जाणाऱ्या दोन्ही वाटा मोजल्या आहेत. एकच धरून 0.24 घेणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

p ला खरी शक्यता समजणे ही याहून मोठी गफलत आहे. समजा, एखाद्याच्या मते हा समभाग वाढण्याची शक्यता 80 टक्के आहे. त्या भारांनी सरासरी काढून व्याजाने आजवर आणली तर कॉल 172 रुपयांहून थोडा अधिक भरतो. त्याचा अंदाज अगदी बरोबर असला, तरी त्या भावाला त्याला कॉल विकणारा 108.42 रुपयांत वरील जोडणी उभी करील, पहिल्या टप्प्यानंतर समभागाचा वाटा 1 वर किंवा 0.2222 वर आणील, आणि सुमारे 64 रुपये सुरुवातीलाच बाजूला ठेवील. वाटा बदलताना त्याला नवे पैसे घालावे लागत नाहीत. समभाग वर गेला तर जादा खरेदी कर्जातून होते, खाली गेला तर विक्रीच्या पैशातून कर्ज उतरते. तेजीचा अंदाज असलेल्याने समभाग घ्यावा किंवा वाजवी भावात कॉल घ्यावा; त्या अंदाजामुळे कॉलचा वाजवी भाव बदलत नाही.

p शून्य ते एक यांच्या बाहेर गेला तर गृहीतकेच परस्परविरोधी आहेत. वाढीचा गुणक 1.01 आणि व्याजगुणक 1.02 घेतला तर समभाग कोणत्याही स्थितीत व्याजाला मागे टाकू शकत नाही, म्हणून p एकाहून मोठा येतो. यापेक्षा लपून राहणारी चूक कालमापनाची असते: p काढताना 8 टक्के वार्षिक दर घातला आणि पुढची रक्कम व्याजाने आजवर आणताना तिमाही 2 टक्के वापरले, तर p 0.9 येतो आणि दिसायला ठीक वाटतो. अशा वेळी त्याच भारांनी समभागाचीच किंमत काढून पाहावी. ती 1000 ऐवजी 1058.82 येते आणि चूक उघडी पडते.

वर आणि खाली जाण्याचे गुणक प्रत्यक्षात किमतीच्या चढउतारांवरून, म्हणजे व्होलॅटिलिटीवरून ठरवतात. कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांच्या रीतीत u हा e चा σ√Δt वा घात असतो आणि d त्याचा व्यस्त; σ म्हणजे वार्षिक व्होलॅटिलिटी आणि Δt म्हणजे एका टप्प्याची वर्षांत मोजलेली लांबी. येथे वार्षिक व्होलॅटिलिटी 20 टक्के धरली तर तिमाही u सुमारे 1.105 आणि d सुमारे 0.905 येतो, आणि दोन टप्प्यांत कॉल 109.70 रुपयांचा भरतो. सहा महिन्यांचा एकच टप्पा घेतला असता तर उत्तर 117.8 च्या आसपास आले असते. टप्पे वाढवत नेले की उत्तर ब्लॅक-शोल्स सूत्राच्या 108.1 रुपयांकडे सरकते, पण सरळ रेषेत नव्हे. सम आणि विषम टप्प्यांची उत्तरे सहसा त्या आकड्याभोवती झुलत राहतात. सुरुवातीच्या 10 टक्क्यांच्या गोल गुणकांनी आलेले 108.42 त्याच्या इतके जवळ पडले, हा योगायोग समजावा.

या तर्काचा सगळा भार एका टप्प्यात दोनच शक्यता असण्यावर आहे. तिसरी शक्यता, जसे की एका रात्रीत मोठी पडझड, मान्य केली की एक समभाग आणि एक कर्ज यांनी तीन निकाल साधता येत नाहीत. मग p एकच उरत नाही, आणि कॉलला एका किमतीऐवजी किमतींचा एक पट्टा मिळतो. ब्रोकरेज आणि करांमुळेही, वाटा बदलण्याचा खर्च असल्याने, असाच पट्टा तयार होतो.