बारीक होणे आणि टोन्ड दिसणे: एकाच वजनाची दोन शरीरे

‘टोन्ड’ हा शब्द आपण घरात बहुधा पहिल्यांदा वाचतो तो दुधाच्या पिशवीवर, आणि जिममध्ये येणाऱ्यांना मी तिथूनच समजावायला सुरुवात करतो. टोन्ड दुधात स्निग्धांश 3 टक्क्यांवर आणलेला असतो, पण स्निग्धांश सोडून उरणारा घनभाग 8.5 टक्के राखावाच लागतो. नुसते पाणी घातलेल्या दुधातही साय कमी येते, पण त्यात बाकीचे सत्त्वही त्याच प्रमाणात पातळ झालेले असते. बारीक होणे आणि टोन्ड दिसणे यांत असाच फरक आहे. पहिल्यात चरबी आणि स्नायू दोन्ही घटतात, तर दुसऱ्यात स्नायू जागेवर राहून त्यांच्यावरचा चरबीचा थर पातळ होतो. वजनाच्या काट्याला हा फरक कळत नाही.

मागच्या फेब्रुवारीत नागपुरातल्या प्रतापनगरच्या एक ताई आल्या. वय 34, उंची 158 सेंटिमीटर, वजन 62 किलो, बैठी नोकरी आणि आहार शाकाहारी. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, “दंड लोंबू नयेत आणि पोट आत असावे.” त्यांनी मनाशी एकच आकडा धरला होता, 56 किलो. त्यांच्या जाऊबाई रात्रीचे जेवण बंद करून दोन महिन्यांत 62 वरून 56 वर आल्या होत्या. दोघींची उंची जवळपास सारखीच.

मी आधी फीत काढली. कंबर सर्वांत अरुंद जागी 80, नितंब सर्वांत रुंद जागी 98 आणि मान 33 सेंटिमीटर भरली. स्त्रियांसाठीचे अमेरिकी नौदलाचे सूत्र, सगळी मापे सेंटिमीटरमध्ये धरून, असे आहे:

```
चरबी % = 495 / (1.29579 - 0.35004 × log10(कंबर + नितंब - मान) + 0.22100 × log10(उंची)) - 450
```

कंबर आणि नितंबांची बेरीज करून त्यातून मान वजा केली की 145 येतात, आणि उत्तर मिळते सुमारे 33 टक्के. हे सूत्र तीन-चार टक्क्यांनी सहज चुकू शकते, त्यामुळे 33 या आकड्यावर माझा फारसा जीव नाही. पण तीच फीत, तोच हात आणि तीच सकाळची वेळ राखली तर आकडा कोणत्या दिशेला सरकतो आहे हे पुरेसे भरवशाने कळते. 62 किलोंपैकी 33 टक्के म्हणजे साधारण 20.5 किलो चरबी, आणि उरलेले 41.5 किलो म्हणजे स्नायू, हाडे, पाणी वगैरे. हे 41.5 राखून चरबी 26 टक्क्यांवर आणायची, तर वजन 41.5 भागिले 0.74, म्हणजे 56 किलो होते. ताईंचाच आकडा पुन्हा आला, पण आता त्याला एक अट जोडली गेली. फितीच्या भाषेत ही अट अशी, की 145 चे 132 व्हायला हवेत. टक्क्यांची गोष्ट निघाल्यावर ताईंना 18 टक्के हवेसे वाटले, ते मी मोडून काढले. एवढ्या खाली जाताना कित्येकींची पाळी विस्कळीत होते, आणि ‘पोट आत’ यासाठी त्याची गरजही नसते.

अट पाळली जाते आहे की नाही, याची साक्ष देणारा आकडा म्हणजे ताकद. खाणे कमी असताना उचलण्याचे वजन वाढते आहे किंवा निदान टिकून आहे, तर स्नायू शाबूत आहेत असे मानायला जागा असते. ताई पहिल्या आठवड्यात रिकामा 20 किलोचा बार खांद्यावर घेऊन कशाबशा 8 बैठका मारत होत्या आणि पुश-अप गुडघे टेकवून 6 होत होते. पाच महिन्यांचे लक्ष्य ठेवले ते 40 किलोने 8 बैठका आणि गुडघे न टेकवता 8 पुश-अप. पद्धत साधी होती: एका वजनाने तिन्ही सेटमध्ये 12 बैठका नीट झाल्या की अडीच किलो वाढवायचे आणि पुन्हा 8 पासून सुरुवात करायची. ‘टोनिंगसाठी’ म्हणून दोन किलोचे गुलाबी डंबेल पन्नास वेळा हलवण्याला मी वेळ देत नाही, कारण त्यात स्नायूला टिकून राहण्याचे कारणच मिळत नाही.

खाण्याचा हिशेब मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने केला. वजन गुणिले 10, अधिक उंची गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5, वजा 161. यातून दिवसभर नुसते पडून राहिले तरी लागणाऱ्या 1,277 कॅलरी येतात, आणि बैठी नोकरी व थोडा व्यायाम धरून 1.4 ने गुणले की सुमारे 1,790. त्यातून 340 कमी करून दिवसाला 1,450 ठरवले. एक किलो चरबीला साधारण 7,700 कॅलरी धरल्या तर आठवड्याला 300 ग्रॅम उतरायला हवे, म्हणजे सहा किलोंना पाच महिने. प्रथिनांसाठी लक्ष्याच्या 56 किलोंना दीड ग्रॅमने गुणून 84 ग्रॅम धरले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतून 26, शंभर ग्रॅम पनीरमधून 18, पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीतून 11, तीन पोळ्यांतून 11, पाव लिटर दुधातून 8 आणि एक मोठी वाटी दह्यातून 7 ग्रॅम मिळतात. उरलेले भाजीतून निघते. भात हवा असेल त्या दिवशी पोळी कमी.

पहिले तीन आठवडे तरीही काटा हलला नाही. ताई वजन करून खात होत्या, वहीत लिहीत होत्या, पण वहीत तेल नव्हते. विचारल्यावर कळले, की चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्याला संपतो, म्हणजे माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम तेल आणि त्याच्या जवळपास 340 कॅलरी. जेवढी कपात ठरवली होती, तेवढेच तेल. रविवारी तर्री-पोह्यांवर तरंगणारा लाल थर त्याशिवाय. पोहे बंद केले नाहीत. फोडणीला पळीऐवजी छोटा चमचा घेतला आणि दिवसाचे तेल 20 ग्रॅमवर आणले, तेव्हा आकडे चालू लागले.

मे महिन्यात एक घोळ झाला. संध्याकाळी फुटाळा तलावावरून चालून, घामाने निथळत त्या विजेच्या काट्यावर उभ्या राहिल्या आणि काट्याने चरबी 36 टक्के दाखवली. असा काटा शरीरातून बारीक विद्युतप्रवाह सोडून त्याला होणारा अडथळा मोजतो. पाणी कमी झाले की अडथळा वाढतो आणि यंत्र त्याला चरबी समजते. नागपूरच्या 45 अंशांत त्या आकड्यावरून जेवण ठरवणे व्यर्थ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी फितीने 30 च्या आसपासच सांगितले. वजनासाठीही आम्ही सात दिवसांची सरासरीच बघत होतो. तीन आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही थांबली तर 100 कॅलरी कमी करायच्या, आणि आठवड्याला 600 ग्रॅमच्या वर उतरून बैठकांचे वजनही घसरू लागले तर 150 वाढवायच्या, असे ठरले होते. दुसरा नियम जूनमध्ये एकदा वापरावा लागला.

जुलैअखेर ताई 57.4 किलोंवर होत्या. कंबर 73, नितंब 92, मान 32, म्हणजे 133 आणि चरबी सुमारे 27 टक्के. बैठका 40 किलोने 8 झाल्या, पुश-अप मात्र 5 वरच अडले. त्याच सुमारास जाऊबाईंनीही हौसेने मापे दिली. वजन 56, म्हणजे ताईंपेक्षा कमी. पण कंबर 76, नितंब 94, मान 31, म्हणजे 139 आणि चरबी जवळपास 30 टक्के. त्यांच्या सुरुवातीच्या मापांची नोंद नसल्याने स्नायू नेमके किती गेले हे काढता येत नाही. रिकामा बार घेऊन त्यांच्या चार बैठका झाल्या.