अंदाजात ‘विल’ चुकीचं?

“सर, उद्याचं कुणाला ठाऊक? मग इंग्रजीतल्या हवामानाच्या आणि राशिभविष्याच्या उताऱ्यातल्या रिकाम्या जागेत ‘विल’ कसं चालेल? तिथं ‘मे’च ना?”

नाही. ‘विल’ म्हणजे बोलणाऱ्याचं ठाम भाकीत. ते खरं ठरायलाच हवं असं नाही. राशिभविष्यात तर ‘विल’ सर्रास येतं.

साताऱ्यातल्या आमच्या वर्गासाठी मी केलेली ही ओळ पाहा, जागा ‘विल’, ‘मे’ किंवा ‘लाइकली टू’नं भरायची : ‘इट इज ____ रेन इन महाबळेश्वर टुमॉरो.’ आधी ‘इज’ आहे, म्हणून ‘लाइकली टू’च बसतं. ‘विल’ आणि ‘मे’ला मागे ‘इज’ खपत नाही, पुढे ‘टू’ही नाही. अर्थाआधी शेजारचे शब्द पाहायचे.

दुसरी ओळ : ‘यू ____ मीट ॲन ओल्ड फ्रेंड.’ इथं ‘विल’ आणि ‘मे’ दोन्ही बसतात. एकालाच गुण दिले तर चूक माझी. ‘बट इट इज नॉट सर्टन’ जोडलं की ‘मे’ ठरतं.

गोंधळाचं मूळ मराठीत आहे. ‘पावसाची शक्यता आहे’ हे आपण ‘लाइकली’ आणि ‘मे’ दोन्हींसाठी म्हणतो. इंग्रजीत ‘लाइकली’ म्हणजे पडण्याकडेच कल, ‘मे’ म्हणजे पडेल किंवा नाहीही. त्यातूनच ‘इट मे लाइकली टू रेन’ अशी खिचडी दर वर्षी पेपरात सापडते.