बाबांचं कर्ज: हप्ता भरणं वेगळं, अंगावर घेणं वेगळं

"साहेब, बाबांचं कर्ज माझ्या नावावर करून टाका." बँकेच्या कर्जविभागात नोकरी करताना हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे मी उलट विचारायला लागलो, "हप्ता भरायचाय, की कर्ज घ्यायचंय?" समोरचा म्हणायचा, "एकच की!" एकच नाही, आणि हा फरक कळायला बहुतेकांना कुणीतरी जावं लागतं किंवा भावंडांत वाजावं लागतं.

हप्ता भरणं म्हणजे दर महिन्याला वडिलांच्या खात्यात पैसे टाकणं. कर्जदार वडीलच राहतात आणि बँकेच्या लेखी तुम्ही कुणीच नसता. उद्या नोकरी गेली आणि तुम्ही थांबलात, तर बँक तुमच्या पगाराला हात लावू शकत नाही. कर्ज अंगावर घेणं म्हणजे सहकर्जदार म्हणून सही करणं, किंवा स्वतःच्या नावावर नवं कर्ज काढून जुनं बंद करणं. सहकर्जदाराची जबाबदारी अर्धी नसते, पूर्ण असते. थकलं तर बँक दोघांपैकी कुणाकडूनही सगळी रक्कम मागू शकते, आणि हप्ता चुकला की सिबिल दोघांचंही बिघडतं.

एक नमुना घेऊ. वडील निवृत्त शिक्षक, वय ६७, साताऱ्यात घर. कर्जाचे १२ लाख बाकी, व्याज ९ टक्के, आठ वर्षं उरलेली, म्हणजे हप्ता साधारण १७,५८० रुपये. मुलगा पुण्यात, पगार हातात ९०,००० येतो. बहीण नाशिकला.

मुलाला दोन वर्षांत स्वतःचा फ्लॅट घ्यायचाय. बँक पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ते चालवून घेते असं धरलं, तर त्याच्याकडे ४५,००० रुपयांची जागा आहे. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी त्यात जवळपास ५२ लाखांचं कर्ज बसतं. वडिलांच्या कर्जाला सहकर्जदार म्हणून सही केली की १७,५८० त्यातून वजा, उरले २७,४२०, आणि कर्ज साडेएकतीस लाखांवर येतं. एका सहीत वीस लाखांची ऐपत गेली. नुसता हप्ता भरत राहिला असता तर हे त्याच्या सिबिलवर दिसलंच नसतं. (फ्लॅटच्या अर्जात मात्र हा खर्च विचारला तर लपवू नये.)

आता घर कुणाचं, हा प्रश्न. लोक समजतात, कर्ज आपण फेडलं म्हणजे घरात आपला वाटा झाला. तसं होत नाही. मालकी खरेदीखतावरच्या नावाची. हिंदू कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांचं स्वकष्टाचं घर आई, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखं वाटलं जातं. हप्ते कुणी भरले ते आपोआप त्यात धरलं जात नाही. जुन्या करपद्धतीतली गृहकर्जाच्या व्याजावरची सूटही घरात मालकी असलेल्यालाच मिळते. म्हणजे नुसते हप्ते भरणाऱ्याला ना घर, ना सूट.

कर्ज नावावर घेतलं तर हे सुटतं का? इथेच मोठी गल्लत होते. घराचे मालक वडीलच असतील, तर नवी बँक त्यांना सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून बांधल्याशिवाय ते घर तारण घेत नाही. वडील सुटले नाहीत, तुम्ही मात्र अडकलात. वडिलांना खरंच मोकळं करायचं तर घरही नावावर यायला हवं. महाराष्ट्रात राहत्या घराचं बक्षीसपत्र मुलाला किंवा मुलीला करून देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार लागतो. पण घर गहाण असताना बँकेच्या लेखी संमतीशिवाय हे करू नये. आणि घर हातचं सोडताना आईवडिलांनी, आपला सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. ती अट मोडली गेली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं.

बापाचं देणं मुलानं फेडलंच पाहिजे, हे दडपणही पुष्कळांवर असतं. जुन्या हिंदू कायद्यात तसं होतंही, पण ९ सप्टेंबर २००५ नंतर घेतलेल्या कर्जांसाठी ते उरलेलं नाही. वडील गेल्यावर वारसाची जबाबदारी त्याला वारशात जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच. घर गहाण आहे म्हणून बँक घर विकू शकते, तुमचा पुण्याचा फ्लॅट नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर मात्र हे संरक्षण संपलं.

आणखी एक गोष्ट मी टेबलावर सगळ्यात आधी विचारायचो: कर्जाचा विमा आहे का? कर्ज देताना पुष्कळदा त्यातूनच विम्याचा एकरकमी हप्ता कापून कर्जदाराच्या आयुष्याचा विमा काढलेला असतो. घरच्यांना पत्ता नसतो. जुन्या खातेउताऱ्यात कर्जवाटपाच्या दिवशीची एखादी अनोळखी वजावट शोधा, मंजुरीपत्र पाहा. विमा चालू असेल तर वडिलांच्या माघारी बाकी कर्ज विमा कंपनी फेडेल. अशा वेळी मुलानं स्वतःच्या नावावर नवं कर्ज काढून जुनं बंद करणं म्हणजे बऱ्याचदा चालू विम्यावर पाणी सोडणं. अर्धा टक्का व्याज वाचवायला गेलेल्या एका मुलाच्या बाबतीत हेच झालं. वडील अकरा महिन्यांत गेले आणि कर्ज त्याच्या डोक्यावर राहिलं.

म्हणून साताऱ्याच्या नमुन्यात माझं मत हप्ता भरण्याच्या बाजूचं, पण कागदासह. पैसे वडिलांच्या खात्यात हप्त्याच्या दोन दिवस आधी जातील अशी बँकेला कायमची सूचना द्यावी, रोख नको. थेट कर्जखात्यात टाकले तर काही ठिकाणी ते आगाऊ भरणा म्हणून जमा होतात आणि ठरलेल्या तारखेचा हप्ता वडिलांच्या खात्यातून जायचा तो जातोच. खातं रिकामं असेल तर परत जातो आणि दंड बसतो. वडील गेले की त्यांचं खातं गोठतं, तेव्हा मात्र कर्जखात्यातच भरावं लागतं, म्हणून त्याचा नंबर आधीच लिहून ठेवावा.

आणि हे पैसे मदत आहेत की उसने, हे वडील हयात असतानाच, बहिणीसमोर ठरवावं. मदत असेल तर विषय संपला, नंतर हिशोब काढायचा नाही. उसने असतील तर साधा करार करून दरवर्षी वडिलांनी "आजवर एवढे मिळाले, देणं आहे" असं सही करून द्यावं. उसन्याच्या वसुलीची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि मुदतीच्या आतली लेखी कबुली ती नव्यानं सुरू करते. घराचा जास्त वाटा मुलाला द्यायचा असेल, तर वडिलांनी नोंदणीकृत मृत्युपत्र करावं.

कर्ज अंगावर घेणं मला एकाच परिस्थितीत पटतं: घर तुमच्याच नावावर यायचं सगळ्यांनी मान्य केलंय, विमा नाही, आणि वडिलांचा व्याजदर तुम्हाला मिळेल त्यापेक्षा बराच जास्त आहे. तेव्हा आधी जुन्या बँकेकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र आणि तिच्याकडच्या मूळ कागदांची यादी घ्यावी. व्यक्तीच्या नावावरच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. पैसे बँकेकडून बँकेला जावेत, तुमच्या खात्यातून फिरवू नयेत. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद द्यायला बँक रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बांधलेली आहे. तिच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. यादीशी एकेक कागद ताडूनच पोचपावतीवर सही करा.